नाकायामाचा लेमा: M = mM असेल तर M शून्यच का?

एक छोटा प्रयोग करून बघा. सगळ्या परिमेय संख्या घ्या आणि प्रत्येकीला ५ ने गुणा. काय उरलं? पुन्हा सगळ्या परिमेय संख्याच. कारण कुठलीही संख्या q घेतली तरी ती q/5 ची पाचपट असतेच. आता हेच पूर्णांकांबरोबर करा. ५ ने गुणल्यावर फक्त ५ च्या पटी उरतात, बाकी सगळं गळून जातं. म्हणजे ५ ने गुणून काही संच आक्रसतात, काही जसेच्या तसे राहतात. जसा आहे तसा राहणारा संच कसा असू शकतो, हा आजच्या पोस्टचा विषय.

कम्युटेटिव्ह अल्जिब्रा शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या काही आठवड्यांतच हे विधान भेटतं: R ही लोकल रिंग, m तिचं मॅक्सिमल आयडियल, M हे फायनाइटली जनरेटेड मॉड्यूल. जर M = mM असेल तर M = 0. सिद्धता पाच ओळींची आहे. ती वाचताना पटते आणि पुस्तक मिटल्यावर 'पण असं का?' हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून आज आपण ती पाच ओळींची सिद्धता सावकाश, हातात खरे आकडे घेऊन करणार आहोत.

आधी शब्द. मॉड्यूल म्हणजे व्हेक्टर स्पेससारखीच रचना. बेरीज करता येते आणि बाहेरच्या सहगुणकांनी गुणता येतं. फरक एवढाच की हे सहगुणक एखाद्या रिंगमधून येतात, आणि रिंगमध्ये प्रत्येकाने भागता येईलच असं नाही. (या पोस्टमध्ये रिंग म्हणजे गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालतो आणि जिच्यात 1 आहे अशी रिंग.) फायनाइटली जनरेटेड म्हणजे M मध्ये u₁, u₂, …, uₙ असे मोजके घटक सापडतात, ज्यांना R मधल्या सहगुणकांनी गुणून आणि बेरजा करून M मधला प्रत्येक घटक मिळतो. यांना आपण जनक म्हणू. आणि mM म्हणजे a₁x₁ + … + aₖxₖ अशा सगळ्या बेरजा, ज्यात सहगुणक m मधले आणि x हे M मधले.

राहिली लोकल रिंग. व्याख्या 'एकच मॅक्सिमल आयडियल असलेली रिंग' अशी देतात, पण मला दुसरं वर्णन जास्त उपयोगी वाटतं: ज्या घटकांना व्यस्त नाही, म्हणजे ज्यांनी भागता येत नाही, ते सगळे मिळून एक आयडियल होतं. तेच m. आपलं आजचं मुख्य उदाहरण म्हणजे ज्यांच्या छेदाला ५ ने भाग जात नाही असे सगळे अपूर्णांक. 2/3 चालेल, 10/7 चालेल, 1/5 चालणार नाही. या रिंगमध्ये ३ ने, ७ ने, ९६ ने, कशानेही बिनधास्त भागा, फक्त ५ च्या पटींनी भागता येत नाही. m म्हणजे ज्यांच्या अंशाला ५ ने भाग जातो ते अपूर्णांक. या रिंगला Z₍₅₎ असं लिहितात.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, कारण सगळी सिद्धता हिच्यावरच उभी आहे. a हा m मधला कुठलाही घटक असू दे, 1 − a ने नेहमी भागता येतं. का? समजा नाही येत. मग 1 − a सुद्धा m मध्ये आहे. a तर होताच. दोघांची बेरीज 1, म्हणजे 1 पण m मध्ये. पण 1 ने तर भागता येतं! आकड्यांत बघायचं तर a = 10/7 घ्या. 1 − 10/7 = −3/7, आणि −3 ला ५ ने भाग जात नाही. ५ च्या पटीत १ मिळवला की ५ ने भाग जाणं थांबतं, एवढीच ही गोष्ट.

आता एक मोहात पाडणारा युक्तिवाद, जो बहुतेकांच्या मनात आधी येतो. M = mM, मग उजवीकडच्या M च्या जागी पुन्हा mM ठेवा: M = m²M. पुन्हा ठेवा: M = m³M. म्हणजे M मधला प्रत्येक घटक ५ ने भागला जातो, २५ ने भागला जातो, १२५ ने भागला जातो, कितीही वेळा. असा घटक शून्यच असणार ना? ऐकायला छान वाटतं, पण ही सिद्धता नाही. सुरुवातीच्या परिमेय संख्या आठवा: तिथे प्रत्येक संख्या ५ ने हव्या तितक्या वेळा भागली जाते आणि तरी शून्य नसते. 'अनंत वेळा भाग जातो म्हणून शून्य' हे कधी खरं आणि कधी खोटं, हाच तर प्रश्न आहे. त्यालाच उत्तर मानून चालणार नाही. त्यामुळे खाली खाली जाण्याऐवजी आपण जनकांकडे बघू.

जनक एकच असेल तर काम फारच सोपं आहे. M चा प्रत्येक घटक u च्या पटीत आहे, त्यामुळे mM चा प्रत्येक घटक 'm मधलं काहीतरी गुणिले u' असा दिसतो. u स्वतः M मध्ये आहे, M = mM आहे, म्हणून u = au, जिथे a हा m मधला. एका बाजूला आणा: (1 − a)u = 0. आता 1 − a ने भागा. u = 0. संपलं.

समजून घ्या काय झालं. u म्हणतोय, 'मी माझ्याच एका छोट्या पटीएवढा आहे.' 'छोट्या' याचा अर्थ m मधला सहगुणक. आणि लोकल रिंगमध्ये असं फक्त शून्यच म्हणू शकतं.

दोन जनक असले की थोडी गुंतागुंत येते, कारण u म्हणू शकतो की मी थोडा माझ्यापासून आणि थोडा v पासून बनलोय, आणि v पण तसंच म्हणेल. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. खरे आकडे घेऊ. समजा Z₍₅₎ वर M चे दोन जनक आहेत आणि M = mM मुळे ही समीकरणं मिळाली:

u = 10u + 15v
v = 5u + 20v

सगळे सहगुणक ५ च्या पटीत आहेत, म्हणजे m मधले. पहिल्या समीकरणात 10u डावीकडे घ्या: −9u = 15v. ९ ने भागायला आपल्याला परवानगी आहे, म्हणून u = −(5/3)v. म्हणजे u ची जनक म्हणून गरजच उरली नाही! v असला की u आपोआप मिळतो. आता हे दुसऱ्या समीकरणात टाका: v = −(25/3)v + 20v = (35/3)v. म्हणजे आपण एका जनकाच्या गोष्टीवर परत आलो. (1 − 35/3)v = 0, म्हणजे −(32/3)v = 0. बत्तीसला ५ ने भाग जात नाही, तेव्हा भागून टाका. v = 0, आणि मग u = 0.

दोन्ही वेळा आपण कशाने भागलं ते बघा: आधी 1 − 10 ने, मग 1 − 35/3 ने. दोन्ही '१ वजा m मधलं काहीतरी' याच प्रकारचे. हे योगायोगाने झालं नाही. जनक काढून टाकल्यावर उरलेल्या समीकरणातले सहगुणकही m मध्येच राहतात, म्हणून पुढच्या पायरीवर पुन्हा भागता येतं.

आता याच दोन समीकरणांची एक गंमत दाखवतो. लोकल रिंग सोडून द्या, साध्या पूर्णांकांवर या. तीच समीकरणं, पण ३ ने, ९ ने भागायची परवानगी नाही. आता शून्याशिवाय उत्तर आहे का? आहे. ९६ तासांचं एक घड्याळ घ्या, म्हणजे ९६ झाले की पुन्हा शून्यापासून मोजायचं. त्यात u = 73 आणि v = 1 ठेवा. पहिलं समीकरण: 730 + 15 = 745, आणि 745 − 7×96 = 73. बरोबर. दुसरं: 365 + 20 = 385, आणि 385 − 4×96 = 1. हेही बरोबर. म्हणजे ९६ तासांचं हे घड्याळ u आणि v यांनी तयार होतं (v एकटाच पुरतो खरं तर), ५ ने गुणलं तरी जसंच्या तसं राहतं, आणि शून्य मुळीच नाही.

हे ९६ आलं कुठून? समीकरणं एका बाजूला घेतली तर 9u + 15v = 0 आणि 5u + 19v = 0. यांचा निश्चयक 9×19 − 15×5 = 171 − 75 = 96. आणि ९६ म्हणजे ९५ अधिक १, पुन्हा '१ आणि ५ ची पट' याच रूपात. पूर्णांकांवर एवढंच हाती लागतं की या प्रकारची एक संख्या M मधल्या सगळ्यांना गुणून शून्य करते. मॉड्यूल मरतंच असं नाही. लोकल रिंगमध्ये मात्र ९६ ने भागता येतं, आणि जी संख्या सगळ्यांना शून्य करते तिनेच भागता आलं तर सगळे आधीपासूनच शून्य होते. मला वाटतं लोकल असण्याचं नेमकं काम इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं सर्वसाधारण सिद्धतेत दिसत नाही.

तरी सर्वसाधारण सिद्धता लिहून टाकू, आता ती ओळखीची वाटेल. समजा M शून्य नाही. मग जनकांचे जे सान्त संच आहेत त्यातला सगळ्यात कमी जनकांचा एक निवडा: u₁, …, uₙ. शेवटचा uₙ हा M = mM मध्ये आहे, म्हणून

uₙ = a₁u₁ + … + aₙuₙ

आणि सगळे a हे m मधले. शेवटचं पद डावीकडे घ्या:

(1 − aₙ)uₙ = a₁u₁ + … + aₙ₋₁uₙ₋₁

1 − aₙ ने भागा. uₙ उरलेल्यांपासून बनतो, म्हणजे त्याची गरज नव्हती. पण आपण तर कमीत कमी जनक घेतले होते! विसंगती. (n = 1 असेल तर उजवीकडे काहीच उरत नाही आणि थेट u₁ = 0 मिळतं.) म्हणून M = 0.

अटिया आणि मॅकडॉनल्ड यांच्या १९६९ च्या छोट्या पुस्तकात हीच सिद्धता आहे, आणि तिच्याआधी निश्चयक वापरून केलेली दुसरी. दुसरी जास्त सामर्थ्यवान आहे कारण ती लोकल नसलेल्या रिंगमध्येही '९६' सारखा घटक शोधून देते. पण समजण्यासाठी मी एकेक जनक गाळण्याचीच बाजू घेईन.

नावाबद्दल दोन शब्द. तादाशी नाकायामा (१९१२–१९६४) हे जपानी गणितज्ञ, नागोयाचे. मात्सुमुरांनी आपल्या पुस्तकात नोंदवलंय की खुद्द नाकायामांचं म्हणणं होतं, हे प्रमेय क्रुल आणि आझुमाया यांच्या नावाने ओळखलं जावं. मात्सुमुरांनी मग तिघांची आद्याक्षरं घेऊन त्याला NAK म्हटलं. पण जगाने ऐकलं नाही.

आता 'मोजके जनक' ही अट. तिचं काम सिद्धतेत एकाच जागी आहे: 'सगळ्यात कमी जनकांचा संच निवडा'. ही ओळ सहज वाचून पुढे जाण्यासारखी आहे, पण परिमेय संख्यांचं मॉड्यूल नेमकं इथेच निसटतं. Z₍₅₎ वर परिमेय संख्यांचे जनक म्हणून 1, 1/5, 1/25, 1/125, … ही अख्खी माळ घेता येते. पहिला जनक दुसऱ्याची पाचपट, म्हणून पहिला काढून टाका. आता दुसरा तिसऱ्याची पाचपट, तोही काढा. तिसराही काढा. कुठलाही एक काढता येतो, कुठलेही हजार काढता येतात, सिद्धतेतली पायरी प्रत्येक वेळी व्यवस्थित चालते. पण माळ संपत नाही. प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो आणि 'पुढचा' नेहमी असतोच. मोजके जनक असतील तर बोट दाखवायला शेवटी कुणी उरत नाही आणि शेवटच्याला स्वतःकडेच बोट दाखवावं लागतं. तिथे तो पकडला जातो.

म्हणजे हा लेमा उलटाही वापरता येतो: M = mM आहे आणि M शून्य नाही असं दिसलं, की M ला मोजके जनक असूच शकत नाहीत. याचं माझं आवडतं उदाहरण बीजगणिताबाहेरचं, कॅल्क्युलसमधलं आहे. सरळ रेषेवर शून्याच्या आसपास हवे तितके वेळा डेरिव्हेटिव्ह घेता येणारी सगळी फंक्शन्स घ्या, आणि शून्याच्या अगदी जवळ जी दोन फंक्शन्स सारखी ती एकच समजा. ही लोकल रिंग आहे: f(0) शून्य नसेल तर जवळपास 1/f घेता येतं, म्हणून m म्हणजे शून्यावर शून्य होणारी फंक्शन्स. अशा प्रत्येक फंक्शनमधून x बाहेर काढता येतो, म्हणजे m मधलं प्रत्येक फंक्शन 'x गुणिले काहीतरी' असतं.

आता I म्हणजे 'सपाट' फंक्शन्स घ्या, ज्यांचे शून्यावरचे सगळेच्या सगळे डेरिव्हेटिव्ह शून्य आहेत. e^(−1/x²) हे त्यातलं प्रसिद्ध (x = 0 वर त्याची किंमत 0 धरायची). ते शून्य फंक्शन नाही, पण त्याची टेलर सिरीज सगळी शून्यांची. अशा कुठल्याही सपाट f मधून x बाहेर काढा: f = xg. f च्या टेलर सिरीजमध्ये काहीच नाही, म्हणून g च्याही सिरीजमध्ये काही असू शकत नाही, म्हणजे g पण सपाट. झालं की! प्रत्येक सपाट फंक्शन हे x गुणिले सपाट फंक्शन, म्हणजे I = mI. I शून्य नाही. म्हणून I ला मोजके जनक नाहीत. तुम्ही पन्नास सपाट फंक्शन्स निवडून दिलीत तरी त्यांच्यापासून न बनणारं एक सपाट फंक्शन असणारच, आणि ते शोधायची गरजसुद्धा पडली नाही. एका जनकापुरतं हातानेही दिसतं: f = e^(−1/x²) घेतलं तर f/x सपाट आहे, पण ते f ची पट व्हायला सहगुणक 1/x लागेल, आणि तो शून्यावर फुटतो.

पण रोजच्या कामात हा लेमा कुणी 'M शून्य आहे' हे दाखवायला फारसा वापरत नाही. माझ्या कामात तो बहुतेक वेळा जनक तपासायला येतो. समजा M चे जनक होतील अशी आशा असलेले काही घटक तुमच्याकडे आहेत. त्यांच्यापासून बनणारं उपमॉड्यूल N. m मधलं सगळं शून्य मानून पाहिलं, म्हणजे M/mM मध्ये पाहिलं, तर प्रश्न साध्या व्हेक्टर स्पेसचा होतो. तिथे हे घटक पुरे पडले असं दिसलं, तर M मधला प्रत्येक घटक 'N मधलं काही अधिक mM मधलं काही' असा आहे. म्हणजे M/N हे मॉड्यूल m ने गुणल्यावर जसंच्या तसं राहतं. नाकायामा म्हणतो M/N = 0. म्हणजे N = M. रिंगवरचा अवघड प्रश्न, उत्तर मात्र व्हेक्टर स्पेसमध्ये बघून मिळतं.

एक उदाहरण पूर्ण करू. x आणि y या दोन चलांची बहुपदी गुणोत्तरं घ्या, ज्यांचा छेद आरंभबिंदूवर शून्य होत नाही. ही लोकल रिंग. m चे जनक x आणि y. आता दुसरे दोन घटक बघा:

f = x + y²
g = y − x³

f आणि g सुद्धा m चे जनक आहेत का? m/m² मध्ये बघा, म्हणजे दोन किंवा जास्त घाताची सगळी पदं पुसून टाका. f चा x उरला, g चा y उरला. पुरे. लेमा सांगतो: हो, आहेत.

पटत नसेल तर हाताने करून बघू. g मध्ये x² पट f मिळवा: g + x²f = y − x³ + x³ + x²y² = y + x²y² = y(1 + x²y). म्हणजे

y = (g + x²f) / (1 + x²y)

छेदातलं 1 + x²y आरंभबिंदूवर 1 आहे, म्हणून या रिंगमध्ये त्याने भागता येतं. y मिळाला, मग x = f − y² वरून x पण मिळाला. आणि तोच जुना मित्र पुन्हा भेटला: १ अधिक m मधलं काहीतरी.

आता थांबून विचारा, हा छेद शून्य कुठे होतो? भूमितीने बघा. f = 0 ही आडवी पडलेली पॅराबोला, g = 0 ही y = x³ ची वक्ररेषा. दोन्ही आरंभबिंदूवर छेदतात. पण (−1, −1) वरही छेदतात: −1 + 1 = 0, आणि −1 − (−1) = 0. आणि तिथे 1 + x²y = 1 − 1 = 0! म्हणजे ज्या छेदाने आपण भागलं, तो नेमका त्या दुसऱ्या छेदनबिंदूवर शून्य होतो. छेद न देता, नुसत्या बहुपदींच्या रिंगमध्ये f आणि g पासून x आणि y मिळणं शक्यच नाही, कारण f आणि g दोन्ही (−1, −1) वर शून्य आहेत आणि x तिथे −1 आहे. लोकल रिंग म्हणजे आरंभबिंदूच्या इतकं जवळ जाऊन बघणं की तो दुसरा बिंदू नजरेच्या बाहेर जातो. मघाच्या ९६ तासांच्या घड्याळाचं काम इथे (−1, −1) हा बिंदू करतोय.

शेवटी एक इशारा, कारण सेमिनारच्या फळ्यावर हा घोटाळा हमखास दिसतो. जनक तपासताना लेमा लागतो M/N ला, तेव्हा M/N ला मोजके जनक आहेत हे आधी माहीत हवं. सहसा ते 'M ला मोजके जनक आहेत' यावरून येतं. N ला मोजके जनक आहेत याचा इथे काही उपयोग नाही, ते तर आपणच निवडलेत. M/mM सान्त मितीचं आहे यावरूनही काही ठरत नाही. परिमेय संख्यांचं मॉड्यूल घ्या: Q = 5Q, म्हणून Q/5Q शून्य आहे, मिती शून्य. आंधळेपणाने तपासणी केली तर 'एकही जनक न घेता सगळ्या परिमेय संख्या मिळतात' असं उत्तर येईल. त्यामुळे कुणी 'नाकायामाने झालं' म्हणालं, की मी आधी एवढंच विचारतो: M चे जनक मोजके आहेत हे कुठून आलं?